बोलून सांगितलेल्या घरखर्चाचा मासिक तक्ता कसा करावा

घरखर्च विचारला की माणसे तो वाक्यांत सांगतात, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यातील रक्कम वेगळ्या मुदतीची असते. त्यामुळे "सगळे आकडे एकाखाली एक लिहा आणि बेरीज करा" हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचे उत्तर देतो, आणि ते उत्तर दिसायला नीटनेटके असल्याने कोणाला शंकाही येत नाही. ऐरोलीतील एका चौकोनी कुटुंबाचा हिशेब उदाहरणादाखल घेऊ. घरातील बाईंनी सांगितलेले असे:

"दोघांचे मिळून हातात ९२,००० येतात. घराचा हप्ता २८,५००. सोसायटीचे तीन महिन्यांचे ९,६०० आणि मालमत्ता कर सहा महिन्यांनी २,७००. दूध रोज ९० रुपयांचे, भाजी-फळे आठवड्याला १,२००, किराणा ९,०००. विजेचे बिल २,००० येते, पण उन्हाळ्याचे तीन महिने ए.सी.मुळे ३,६००. पाइपच्या गॅसचे दोन महिन्यांनी १,१००. मुलीची शाळेची फी एका सत्राला २७,०००, क्लासचे महिन्याला ३,०००. यांचा लोकलचा तीन महिन्यांचा पास ९०० आणि स्टेशनपर्यंत रिक्षाला रोज ६०. आरोग्य विमा वर्षाला २७,०००, सासूबाईंची औषधे २,२००. कामाच्या मावशींना ३,५००. आणि क्रेडिट कार्डाचे महिन्याला ११,००० भरतो."

पहिली पायरी सोपी आहे: प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत उतरवावी आणि तिच्यापुढे वर्ग लिहावा. वर्ग सात-आठच ठेवावेत.

खरे काम त्यानंतरचे आहे. रक्कम थेट महिन्यावर आणण्याचा मोह टाळावा आणि प्रत्येक खर्च आधी वर्षावर न्यावा. "हा खर्च वर्षातून किती वेळा होतो?" एवढा एकच प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावा, त्या संख्येने रक्कम गुणावी आणि मगच बाराने भागावे. हा वळसा वाटतो, परंतु मुदतींचा सारा गोंधळ त्याने मिटतो. सोसायटीचे पैसे वर्षातून ४ वेळा, गॅस ६ वेळा, शाळेची फी २ वेळा, विमा एकदा. इथपर्यंत कोणी चुकत नाही.

चूक होते ती आठवड्यात. महिन्याचे आठवडे चार धरून भाजीचे ४,८०० लिहिले जातात. वर्षात मात्र ४८ नव्हे, ५२ आठवडे असतात. १,२०० गुणिले ५२ म्हणजे ६२,४००, आणि त्याचा बारावा भाग ५,२००. दरमहा ४०० रुपयांची ही तूट वर्षाला ४,८०० होते, म्हणजे चार आठवड्यांची भाजी हिशेबातून नाहीशी होते. याउलट रोजच्या दुधाला ३० ने गुणले तर २,७०० येतात आणि ३६५ दिवसांच्या हिशेबाने २,७३८. हा फरक सोडून दिला तरी चालतो. आठवड्याला चारने गुणणे मात्र मी कोणालाही चालवून घेऊ देत नाही.

"रोज" या शब्दावरही थांबावे. दूध रोज म्हणजे ३६५ दिवस, पण रिक्षा रोज म्हणजे कामाचे दिवस. विचारल्यावर ते महिन्याला २४ निघाले, म्हणून वर्षाचे २८८. तसेच "महिन्याला" म्हणजे नेहमी बारा महिने नव्हेत. क्लास मे महिन्यात बंद असतो, तेव्हा तो ११ वेळा. मावशींना दिवाळीला एक पगार जास्त दिला जातो, तेव्हा तो १३ वेळा. या गोष्टी लोक आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्या गृहीतच असतात. विजेसाठी दोन ओळी कराव्यात, २,००० नऊ वेळा आणि ३,६०० तीन वेळा. सरासरी अंदाजाने टाकू नये. हिशेबाने ती २,४०० येते.

दुसरा सापळा क्रेडिट कार्डाचा. ११,००० हा खर्चाचा वर्ग नव्हे, तो पैसे चुकते करण्याचा मार्ग आहे. त्या बिलात काय काय येते ते विचारलेच पाहिजे. येथे किराण्याचे ९,००० त्यातच होते आणि उरलेले २,००० ऑनलाइन कपड्यांचे निघाले. म्हणून कार्डाची ओळ खोडून कपड्यांची २,००० ची ओळ घालावी. हे न विचारता दोन्ही आकडे धरले असते, तर किराणा दोनदा मोजला गेला असता.

आता स्प्रेडशीटमध्ये A ते F असे स्तंभ करावेत: वर्ग, बाब, सांगितलेली रक्कम, वर्षातून किती वेळा, वर्षाचे, महिन्याचे. रकमेच्या चौकटीत "रु." किंवा "/-" लिहू नये, नाहीतर तिचा मजकूर होतो आणि गुणाकार अडतो. या घराच्या १७ ओळी दुसऱ्या ओळीपासून अठराव्यापर्यंत येतात. E2, F2 आणि एका वर्गाची बेरीज यांची सूत्रे अनुक्रमे अशी:

```
=C2*D2
=E2/12
=SUMIF(A$2:A$18,"घर",F$2:F$18)
```

वर्गांच्या बेरजा मूळ ओळींच्या मध्ये न घुसवता वेगळ्या तक्त्यात घ्याव्यात. मध्ये घातल्या की एकूण बेरजेत त्या पुन्हा मोजल्या जातात.

| वर्ग | महिन्याचे रुपये |
|---|---|
| घर (हप्ता, सोसायटी, कर) | ३२,१५० |
| दूध, भाजी, किराणा | १६,९३८ |
| वीज, गॅस | २,९५० |
| शिक्षण | ७,२५० |
| प्रवास | १,७४० |
| आरोग्य | ४,४५० |
| घरकाम | ३,७९२ |
| कपडे | २,००० |
| एकूण खर्च | ७१,२७० |
| उत्पन्न | ९२,००० |
| शिल्लक | २०,७३० |

पडताळणीसाठी E स्तंभाची स्वतंत्र बेरीज करावी. ती ८,५५,२३० येते, आणि तक्त्यातील ७१,२७० गुणिले १२ म्हणजे ८,५५,२४०. दहा रुपयांचा हा फरक रुपयाच्या अपूर्णांकांचा आहे. तो शेकड्यांत गेला, तर एखादी ओळ वर्गाविना राहिली आहे किंवा वर्गाचे नाव दोन ठिकाणी वेगळे लिहिले गेले आहे असे समजावे. "शिक्षण" शब्दानंतर चुकून पडलेली रिकामी जागाही SUMIF ला वेगळा वर्ग वाटते.

शिल्लक वाचताना मात्र घाई करू नये. सोसायटी, कर, गॅस, शाळेची फी, पास आणि विमा हे सहा खर्च दरमहा खात्यातून जात नाहीत, तरी तक्त्यात त्यांचे मिळून ११,२५० धरलेले आहेत. यांपैकी एकही बिल न आलेल्या महिन्यात बँकेत सुमारे ३२,००० उरलेले दिसतील. त्यातले ११,२५० त्याच महिन्यात बाजूला काढून ठेवावेत आणि तक्त्यातील या सहा ओळींना वेगळा रंग द्यावा, म्हणजे ते कशासाठी काढले हे घरातील कोणालाही पाहता येईल.