पोलीस ‘हॅज’ की पोलीस ‘हॅव’? इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

‘द पोलीस हॅज अरेस्टेड टू मेन.’ हे वाक्य चुकीचं आहे. तिथे ‘हॅव’ हवं. नियम एका ओळीचा आहे. इंग्रजीत ‘पोलीस’ हा शब्द अनेकवचनी धरतात, म्हणून त्याच्यापुढे आर, वेअर, हॅव, डू. तरीही अर्जात, सोसायटीच्या पत्रात, शाळेच्या अहवालात ‘पोलीस हॅज’ हमखास सापडतं. गंमत अशी की तोच माणूस दोन ओळींनंतर ‘पोलीस आर इन्व्हेस्टिगेटिंग’ असं अगदी बरोबर लिहितो.

नियम माहीत नसता तर दोन्ही वाक्यं चुकली असती. एकच चुकतं याचं कारण आपल्या मराठीत आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘पोलीस तपास करत आहेत.’ हा कर्तरी प्रयोग. क्रियापद कर्त्याच्या मागे चालतं, म्हणून ‘आहेत’, आणि मनातल्या ‘आहेत’चं इंग्रजीत आपोआप ‘आर’ होतं. पण ‘पोलिसांनी दोघांना अटक केली आहे’ हा कर्मणी प्रयोग. इथे ‘केली आहे’ हे ‘अटक’ या शब्दाप्रमाणे चालतं. अटक स्त्रीलिंगी, एकवचनी, म्हणून ‘केली’ आणि म्हणून ‘आहे’. पोलीस एक असोत की पन्नास, क्रियापदाला त्याचं काही देणंघेणं नाही. इंग्रजी मात्र क्रियापद जुळवताना कर्त्याकडेच बघतं. आपण ‘आहे’ उचलून ‘हॅज’ लिहितो आणि फसतो.

म्हणजे धोक्याची जागा नेमकी सांगता येते. मनातल्या मराठी वाक्यात ‘पोलिसांनी’, ‘लोकांनी’, ‘कर्मचाऱ्यांनी’ असं ‘-नी’ लागलेलं असेल आणि शेवटी ‘आहे’ असेल, तर इंग्रजी क्रियापद तिथे पुन्हा तपासायचं. वाक्य मनात कर्तरीत फिरवून बघा: ‘पोलीस त्यांना पकडत आहेत.’ ‘आहेत’ आलं की ‘हॅव’ लिहा.

दुसरा दोष शाळेतल्या एका युक्तीचा. ‘नामाला एस असेल तर क्रियापदाला नाही, नामाला नसेल तर क्रियापदाला आहे’ असं अनेकांना शिकवलेलं असतं. ‘द बॉइज प्ले’, ‘द बॉय प्लेज’ इथपर्यंत ती चालते. पोलीस आणि पीपल या शब्दांना एस नसतो, तरी ते अनेकवचनी असतात, त्यामुळे युक्ती नेमकी इथे उलटं उत्तर देते. मुलांना ती शिकवायचीच असेल, तर हे दोन शब्द अपवाद म्हणून सोबतच सांगून टाकावेत.

एक पोलीस आला तर?

मराठीत ‘एक पोलीस आला’ आणि ‘चार पोलीस आले’ ही दोन्ही वाक्यं ठीक आहेत. शब्द तोच राहतो, फरक क्रियापदात दिसतो. इंग्रजीत एका माणसासाठी हा शब्द वापरता येत नाही. ‘अ पोलीस केम’ चूक. पोलीसमन, पोलीसवुमन, पोलीस ऑफिसर किंवा सरळ हुद्दा, कॉन्स्टेबल, असं लिहायचं. ‘टू पोलिसेस’ही चूक, ‘टू पोलीस ऑफिसर्स’ लिहा. ‘पोलिसेस’ हे रूप इंग्रजीत आहे, पण ते क्रियापदाचं: बंदोबस्त ठेवतो, लक्ष ठेवतो, या अर्थाचं. मोठ्या आकड्यांना थोडी सूट मिळते. ‘हंड्रेड्स ऑफ पोलीस वेअर डिप्लॉइड’ हे बातमीत नेहमी येतं आणि ते चुकीचं नाही.

आता उलट्या बाजूची चूक. ‘पोलीस म्हणजे अनेकवचन’ एवढंच पाठ केलेला माणूस ‘द पोलीस स्टेशन आर क्लोज्ड’ असंही लिहून बसतो. अशा जोडशब्दांत शेवटचा शब्द मुख्य असतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं. स्टेशन एक, म्हणून ‘इज’. पोलीस टीम, पोलीस फोर्स, पोलीस डिपार्टमेंट, सगळे एकवचनी. आपल्या गावचा पोलीस पाटील घ्या. ‘द पोलीस पाटील हॅज इन्फॉर्म्ड द तहसीलदार’ इथे ‘हॅज’च बरोबर, कारण वाक्याचा धनी पाटील आहे. तसंच 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘अ‍ॅक्ट’ हा शब्द मुख्य, म्हणून एकवचन. ‘वन ऑफ द पोलीस ऑफिसर्स’ने सुरुवात केली असेल तर मुख्य शब्द ‘वन’, म्हणून तिथेही ‘हॅज’.

‘मुंबई पोलीस’ किंवा ‘गोवा पोलीस’ असं दलाचं नाव आलं की मात्र भारतीय वर्तमानपत्रांत दोन्ही रूपं दिसतात. संस्था म्हणून नाव घेतलं आहे, त्यामुळे ‘मुंबई पोलीस हॅज इश्यूड’ लिहिणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. पण परीक्षेत, चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात, नुसतं ‘द पोलीस’ आलं की अनेकवचनाशिवाय दुसरं उत्तर नाही.

पीपल: इथे जनता आडवी येते

‘लोक म्हणतात’, ‘लोक येतात’ असं मराठीतही अनेकवचनच असल्याने पीपलमध्ये चुका कमी व्हायला हव्यात. होतात त्या बहुधा दोन वाटांनी. एक म्हणजे वर सांगितलेली ‘लोकांनी गर्दी केली आहे’ची वाट. दुसरी, मनात लोकांऐवजी जनता असते तेव्हाची. ‘जनता नाराज आहे’ हे एकवचन डोक्यात असलं की हात ‘पीपल इज अनहॅपी’ लिहितो. तिथे ‘आर’ हवं.

‘देअर इज मेनी पीपल’ हीसुद्धा त्याच घरातली चूक. वाक्य ‘देअर’ने सुरू झालं की खरा कर्ता मागे राहतो आणि आपण घाईत ‘इज’ टाकून मोकळे होतो. कर्ता येईपर्यंत थांबा, मग क्रियापद ठरवा: ‘देअर आर मेनी पीपल’.

‘पीपल्स’ हे रूप मात्र सरसकट चुकीचं ठरवू नका. 9 ऑगस्टला पालघर, नंदुरबारकडे जो जागतिक आदिवासी दिन साजरा होतो, त्याच्या इंग्रजी नावात ‘इंडिजिनस पीपल्स’ असंच आहे. तिथे पीपल म्हणजे एक जनसमूह, आणि असे अनेक समूह, म्हणून पीपल्स. नेहमीच्या ‘माणसं’ या अर्थाला एस लावायचा नाही. ‘मेनी पीपल्स केम टु द वेडिंग’ म्हटलं तर लग्नाला अनेक राष्ट्रं आल्यासारखं होतं.

आणखी एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘अ नंबर ऑफ पीपल आर वेटिंग’ म्हणजे बरेच लोक थांबलेत. भर लोकांवर, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ पीपल इज ग्रोइंग’ म्हणजे संख्या वाढते आहे. भर संख्येवर, म्हणून ‘इज’. सुरुवातीचा ‘अ’ की ‘द’ एवढ्यावर सगळं ठरतं.

स्टाफ: दोन्ही बरोबर, पण एकाच वेळी नाही

पोलीस आणि पीपलला ठाम उत्तर आहे. स्टाफला नाही, आणि म्हणूनच त्यावर वाद होतात.

अमेरिकेत स्टाफ हा समूह मानून सहसा एकवचन वापरतात: ‘द स्टाफ इज फ्रेंडली’. ब्रिटनमध्ये त्या समूहातली माणसं डोळ्यासमोर ठेवून ‘द स्टाफ आर फ्रेंडली’ म्हणतात. आपली शालेय इंग्रजी बरीचशी ब्रिटिश वळणाची, पण मराठीत ‘इथला स्टाफ चांगला आहे’ हे एकवचन रुळलेलं, त्यामुळे आपल्या तोंडी ‘इज’ जास्त येतं. ते चूक नाही. साहेबांनी लाल पेनाने ‘इज’चं ‘आर’ केलं, तर ती दुरुस्ती नव्हे, आवड समजावी.

निवडायचं असेल तर अर्थाकडे बघा. ‘द स्टाफ इज स्मॉल’ म्हणजे स्टाफची संख्या थोडी आहे. इथे समूहाबद्दल बोलणं चाललं आहे, म्हणून एकवचन. ‘द स्टाफ आर टेकिंग देअर सीट्स’ इथे प्रत्येकजण आपापल्या खुर्चीवर बसतोय, एक समूह एका खुर्चीवर नाही. म्हणून अनेकवचन शोभतं.

खरी चूक होते ती सरमिसळीत. ‘द स्टाफ हॅज सबमिटेड देअर फॉर्म्स अँड आर वेटिंग’ या वाक्यात स्टाफ आधी एक आहे, मध्येच अनेक झाला. ‘हॅज’ने सुरुवात केली तर पुढे ‘इट्स’ आणि ‘इज’ न्यावं लागतं, आणि ते कानाला विचित्र लागतं. तेव्हा ‘हॅव’ घ्या, किंवा ‘द स्टाफ मेंबर्स हॅव’ लिहून वादच मिटवा. संबंधी सर्वनामही सोबत बदलतं: अनेकवचनी स्टाफला ‘हू’, एकवचनी स्टाफला ‘विच’.

एका कर्मचाऱ्याला ‘अ स्टाफ’ आणि पाच जणांना ‘फाइव्ह स्टाफ्स’ म्हणणं मात्र दोन्हीकडे चुकीचं. ‘अ स्टाफ मेंबर’, ‘फाइव्ह स्टाफ मेंबर्स’. ‘स्टाफ्स’ तेव्हाच, जेव्हा दोन वेगवेगळ्या संस्थांचे दोन स्टाफ असतात. आणि स्टाफ नर्स ही पोलीस पाटलासारखीच: मुख्य शब्द नर्स, एक असेल तर ‘इज’.

एक उतारा दुरुस्त करून बघू

समजा, एका रुग्णालयाला चोरीची घटना इंग्रजीत कळवायची आहे. मनात मराठी अशी: ‘पोलिसांनी दोघांना अटक केली आहे. पोलीस तिसऱ्याचा शोध घेत आहेत. स्टाफने चोरांना ओळखलं आहे. बाहेर खूप लोक जमले होते.’

पहिला खर्डा असा उतरतो: ‘द पोलीस हॅज अरेस्टेड टू मेन. पोलीस आर सर्चिंग फॉर द थर्ड. द हॉस्पिटल स्टाफ्स हॅज आयडेंटिफाइड देम. लॉट ऑफ पीपल्स वॉज गॅदर्ड आउटसाइड.’

पहिल्या वाक्यात ‘-नी’ आणि ‘आहे’चा सापळा आहे, ‘हॅव’ करा. दुसरं बरोबर आहे, फक्त आधी ‘द पोलीस’ लिहिलंय तर इथेही ‘द’ ठेवा. तिसऱ्यात स्टाफचा एस काढा. मग ‘हॅज’ ठेवलं तरी चालेल. ओळखणारे दोन-तीनच कर्मचारी असतील तर ‘टू स्टाफ मेंबर्स हॅव आयडेंटिफाइड देम’ हे जास्त नेमकं, आणि पोलिसांनाही तेच हवं असतं. चौथ्यात ‘अ लॉट ऑफ पीपल हॅड गॅदर्ड आउटसाइड’. ‘जमले होते’साठी ‘हॅड’ आलं की एकवचन-अनेकवचनाचा प्रश्नच उरत नाही, कारण ‘हॅड’ दोघांनाही चालतं.

साधा भूतकाळही असाच सोयीचा. ‘द पोलीस अरेस्टेड टू मेन ऑन ट्यूझडे’ लिहिलं की हॅज-हॅव दोन्ही गेले. घटना घडून गेली आहे आणि वारही माहीत आहे, तेव्हा इंग्रजीत तिथे साधा भूतकाळच लागतो.