सिरिंजमध्ये फुंकून एसव्हीटीची धडधड कशी थांबवावी

बसल्याबसल्या अचानक छातीत धडधड सुरू होते, नाडी १८०च्या घरात जाते आणि काही वेळाने बटण बंद करावं तशी थांबते. एसव्हीटी या विकाराचं हे नेहमीचं रूप. यात हृदयातला विद्युत संदेश एका वर्तुळात फिरत राहतो, आणि बहुतेकांमध्ये हे वर्तुळ वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोड नावाच्या गाठीतून जातं. ती गाठ क्षणभर जरी अडली, तरी वर्तुळ तुटतं. हे काम कुंथण्याने होऊ शकतं. याला वल्साल्वा क्रिया म्हणतात. हे नाव १७०४ साली कानावर ग्रंथ लिहिणाऱ्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं आहे.

ज्यांचा विकार ईसीजीवर पक्का झाला आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी घरी हे करायला सांगितलं आहे, त्यांच्यासाठीच ही पद्धत आहे. धडधड पहिल्यांदाच होत असेल तर आधी दवाखाना गाठा. धडधड चालू असतानाचा ईसीजी फार मोलाचा असतो.

लागतं काय? १० मिलिची नवी सिरिंज, सुई न लावलेली, आणि सोबत एक माणूस. नव्या सिरिंजचा दट्ट्या घट्ट बसलेला असतो, म्हणून तो एकदा मागेपुढे करून मोकळा करा. दट्ट्या जेमतेम हलेल इतकं फुंकलं की साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब तयार होतो.

आधी १५ सेकंद नाडी मोजून तो आकडा चौपट करा. समजा ४५ ठोके लागले, तर मिनिटाला १८०. मग पलंगावर पाठीशी उशा घेऊन अर्धवट, ४५ अंशांत टेका. नेहमीसारखा श्वास घ्या, सिरिंजचं टोक ओठांत घट्ट धरा आणि मोबाईलवर वेळ लावून १५ सेकंद सलग फुंका. वेळ संपताच सोबतच्या माणसाने उशा ओढून तुम्हाला सपाट निजवायचं आणि दोन्ही पाय ४५ अंशांवर उचलून १५ सेकंद धरायचे. पाय त्यानेच उचलायचे, तुम्ही नाही. त्यानंतर पुन्हा अर्धवट टेकून बसा, पाऊण मिनिट थांबा आणि नाडी मोजा. १५ सेकंदांत २१ ठोके आले, म्हणजे नाडी ८४ वर आली. काम झालं.

आत काय घडतं ते समजलं की घाई कुठे करायची ते आपोआप कळतं. फुंकताना छातीतला दाब वाढतो, मोठ्या शिरा दबतात आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. रक्तदाब उतरतो, तो सावरायला शरीर रक्तवाहिन्या आवळतं. (शौचाला जोर करताना म्हातारी माणसं चक्कर येऊन पडतात, त्यामागेही बरेचदा हाच उतार असतो.) फुंकणं थांबताच अडलेलं रक्त हृदयात धावतं, पुढच्या वाहिन्या मात्र अजून आवळलेल्याच असतात, म्हणून दाब उसळतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या पेशी ही उसळी टिपतात आणि व्हेगस चेतातंतू हृदयाला लगाम घालतो. म्हणजे गुण येतो तो फुंकताना नव्हे, सोडल्यानंतर. पाय उचलल्याने परतणारं रक्त वाढतं आणि उसळी जोरदार होते. आडवं व्हायला दहा सेकंद लावले, तर ती वाया जाते.

२०१५ साली इंग्लंडमध्ये ४२८ रुग्णांवर याची तपासणी झाली. नुसतं फुंकल्यावर १७ टक्के रुग्णांची लय मिनिटभरात सुधारली, तर फुंकून पाय उचलल्यावर ४३ टक्के रुग्णांची. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना या पद्धतीनेही गुण येत नाही, हे धरूनच चाला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाल फुगवून फुंकणं. गालांच्या जोरावरही दट्ट्या थोडा हलतो, पण छातीत दाब तयार होत नाही. सोबतच्या माणसाने चेहऱ्याकडे पाहावं: चेहरा लाल होणं, मानेच्या शिरा तट्ट फुगणं आणि पोट कडक लागणं, या खुणा दिसल्या तर दाब खरा. नाकातून हवा सुटत असेल तर नाक चिमटीत धरा. काहीजण आठव्या-नवव्या सेकंदाला दम सोडतात, मग सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

एकदा जमलं नाही तर आणखी एकदा करा, त्यापुढे नको. दवाखान्यात शिरेतून ॲडेनोसिन देऊन हीच गाठ काही सेकंद अडवतात. नाडी वेडीवाकडी, कधी जलद कधी संथ लागत असेल, तर बहुधा विकार वेगळा आहे आणि फुंकून तो जाणार नाही. छातीत दुखणं, दम लागणं, घेरी किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटणं, यातलं काहीही असेल तर सिरिंज बाजूला ठेवून १०८ला फोन करा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, महाधमनीची झडप अरुंद असेल, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने चालू असतील, तर हे घरी करूच नये.