जालक ऊर्जेचे गणित : मॅग्नेशियम क्लोराइडपाशी होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापुरात बारावीच्या मुलांना मी बॉर्न-हाबर चक्र सोडियम क्लोराइडवरून शिकवतो. पुढे मॅग्नेशियम क्लोराइडचे गणित दिले की निम्म्याअधिक वह्यांत तोच साचा जसाच्या तसा उतरलेला असतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आधी बरोबर मांडणी पाहू. सर्व आकडे किलोज्यूल प्रति मोल आहेत. मॅग्नेशियमच्या संप्लवनाला १४८, पहिल्या आयनीभवनाला ७३८ आणि दुसऱ्याला १४५१ लागतात. क्लोरीनचा रेणू तोडायला २४३ लागतात, आणि दोन क्लोरीन अणूंनी प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घेतला की दोनदा ३४९, म्हणजे ६९८ बाहेर पडतात. या टप्प्यांची बेरीज १८८२ होते. संयुगाची निर्मिती एन्थाल्पी −६४१ असल्याने जालक ऊर्जा −६४१ − १८८२, म्हणजे −२५२३ येते.

सोडियम क्लोराइडच्या सवयीने २४३ चे निम्मे आणि ३४९ एकदाच घेतले, तर उत्तर सुमारे −२७५० येते. येथे क्लोरीनचा पूर्ण रेणू वापरला जातो, म्हणून निम्मे करण्याचा प्रश्नच उरत नाही. मी मुलांना चक्रापूर्वी Mg(s) + Cl2(g) → MgCl2(s) हे समीकरण लिहायला लावतो, कारण सहगुणक त्यातून मिळतात, पाठांतरातून नव्हे.

चिन्हाची चूक अधिक महागात पडते. अनेक तक्त्यांत इलेक्ट्रॉन अॅफिनिटी ३४९ अशी धन छापलेली असते. त्याचा अर्थ तेवढी ऊर्जा बाहेर पडते असा आहे, तरी विद्यार्थी ती बेरजेत मिळवतात आणि उत्तर −३९१९ वर जाते. बरोबर उत्तरापासूनचा फरक १३९६, म्हणजे ३४९ ची नेमकी चौपट, भरला की दोष चिन्हाचा आहे हे निश्चित समजावे.

सर्वांत फसवी चूक मात्र दुसरे आयनीभवन विसरण्याची आहे. तेव्हा उत्तर −१०७२ येते, आणि सोडियम क्लोराइडच्या −७८७ पेक्षा ते मोठे असल्याने विद्यार्थ्याला पटते. येथे कापुस्तिन्स्की यांच्या सूत्राचा कच्चा आधार घ्यावा : जालक ऊर्जा ही सूत्रातील आयनांची संख्या आणि दोन्ही आयनांच्या प्रभारांचा गुणाकार यांच्या प्रमाणात असते, आणि आयनांमधील अंतर वाढले की ती घटते. सोडियम क्लोराइडसाठी संख्या आणि प्रभार यांचा गुणाकार २ येतो, मॅग्नेशियम क्लोराइडसाठी ३ × २ = ६; म्हणून केवळ आयनांची संख्या आणि प्रभार यांमुळेच ऊर्जा तिप्पट, सुमारे २३६१, व्हायला हवी. मॅग्नेशियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा लहान असल्याने प्रत्यक्ष मूल्य त्याहून थोडे जास्त येते, म्हणून २५२३ या अपेक्षेत बसते आणि १०७२ बसत नाही.