येणे लांबले आणि देणे दारात आले, तर कर्ज केव्हा काढावे?

छोट्या व्यापाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा तोट्यामुळे नव्हे, तर तारखांमुळे अडकतात. पुरवठादाराने ३० दिवसांची उधारी दिलेली असते, गिऱ्हाईक मात्र ७५ दिवसांनी पैसे देते, आणि मधल्या काळात दुकानाचे खाते रिकामे होते. अशा वेळी अल्पमुदतीचे कर्ज उपयोगी पडते, पण एका अटीवर: कर्ज कोणत्या येण्यातून फिटणार आणि ते येणे साधारण कोणत्या तारखेला हाती पडणार, हे कर्ज काढण्यापूर्वी कागदावर दाखवता आले पाहिजे. ते दाखवता येत नसेल, तर अडचण तारखांची नसून दुसरीच आहे आणि कर्जाने ती वाढेल. हे तपासायचे कसे, ते विद्युत साहित्याच्या एका ठोक व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊन पाहू.

पहिली पायरी: गिऱ्हाईक खरोखर किती दिवसांनी पैसे देते, ते काढावे

तोंडी ठरलेली मुदत बाजूला ठेवावी आणि खातेवही उघडावी. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाची मागील वर्षभराची बिले घेऊन, बिलाची तारीख आणि त्या बिलाचे पूर्ण पैसे बँकेत जमा झाल्याची तारीख यांतील अंतर लिहावे. येथे एक अडचण हमखास येते. कंत्राटदार बहुधा बिलानुसार पैसे देत नाहीत. ते खात्यावर लाख, दीड लाख अशी गोळाबेरीज रक्कम जमा करतात. त्यामुळे पैसे नियमित येत असल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात जुने एखादे बिल तसेच राहून गेलेले असते. म्हणून प्रत्येक जमा रक्कम सर्वांत जुन्या बिलापासून वळती करत यावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलवार हिशेब ठेवण्याची सोय असते. ती बंद असल्यास आधी सुरू करून घ्यावी. असे केल्यावर ‘४५ दिवसांत देतो’ म्हणणारा कंत्राटदार ७५ दिवसांवर असल्याचे दिसते. पुढचा सगळा हिशेब या ७५ वरच करावा.

दुसरी पायरी: खड्डा किती रकमेचा आणि किती दिवसांचा, ते मांडावे

समजा, आपल्या व्यापाऱ्याने ५ जूनला वायर आणि स्विचचा ४,००,००० रुपयांचा माल घेतला. १८ टक्के जीएसटी धरून बिल झाले ४,७२,००० रुपयांचे, मुदत ३० दिवसांची. हाच माल त्याने १२ जूनला कंत्राटदाराला ४,४०,००० रुपयांना दिला. जीएसटीसह ते बिल ५,१९,२०० रुपयांचे. पुरवठादाराचे पैसे ५ जुलैला द्यायचे आहेत आणि कंत्राटदाराचे पैसे, त्याच्या सवयीनुसार, २६ ऑगस्टला येतील. म्हणजे ४,७२,००० रुपयांचा खड्डा ५२ दिवसांचा आहे.

यात एक देणे अनेकांच्या नजरेतून सुटते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जूनच्या विक्रीचा जीएसटी २० जुलैपर्यंत भरावा लागतो, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. खरेदीवरच्या कराची वजावट घेतल्यावर येथे ती रक्कम ७,२०० रुपये उरते. रक्कम लहान आहे, पण नफ्याचे प्रमाण जास्त असलेल्या मालात हाच आकडा बराच मोठा होतो. म्हणून पुढील आठ आठवड्यांची येणी-देणी तारखेनिशी लिहिताना कर, पगार आणि भाडे त्यात धरलेच पाहिजेत.

तिसरी पायरी: कर्जाआधी दोन्ही बाजूंना विचारावे

पुरवठादाराकडे मुदत मागायची तर ती संपण्यापूर्वी मागावी आणि तारखेनिशी मागावी: निम्मे पैसे ५ जुलैला, उरलेले अमुक तारखेला. त्याच वेळी पुरवठादाराच्या बिलावरील अटी नीट वाचाव्यात. मुदत संपल्यावर १८ किंवा २४ टक्के व्याज लागेल, असे अनेक बिलांवर छापलेले असते. ते प्रत्यक्षात आकारले जाते का, याची खातरजमा करून घ्यावी. कारण आकारले जात असेल, तर पुरवठादाराची उधारी बँकेच्या कर्जापेक्षा महाग पडते.

पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर त्याला हवे तितके थांबवता येत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, ही मुदत ओलांडलेल्या खरेदीची आयकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. त्यामुळे ३१ मार्चला असे देणे थकलेले राहिले, तर त्या वर्षीचा करपात्र नफा फुगतो.

उलट बाजूने हे संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही. २०२१ पासून किरकोळ व ठोक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी करता येते, पण त्यांना तिचा लाभ बँकांच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरताच आहे. थकलेल्या बिलांसाठी या कायद्याखाली दाद मागता येत नाही. ही तफावत व्यापाऱ्यावर अन्याय करणारी आहे, असे मला मनापासून वाटते. पण ती आहे तोवर वसुलीची सारी भिस्त लेखी ऑर्डर, माल पोहोचल्याची सही असलेले चलन आणि बिलावर छापलेली मुदत यांवरच राहते.

चौथी पायरी: व्याज नफ्यात मावते का, ते पाहावे

आपल्या व्यापाऱ्याचा या व्यवहारातील ढोबळ नफा ४०,००० रुपयांचा आहे. भाडे, पगार आणि वाहतूक यांचा या मालावरचा वाटा १८,००० रुपये धरला, तर हाती राहतात २२,००० रुपये. व्याज याच रकमेत बसले पाहिजे.

बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलता येणाऱ्या कर्ज खात्यातून, १२ टक्के दराने ४,७२,००० रुपये ५२ दिवस वापरले, तर व्याज सुमारे ८,०७० रुपये होते. कर्ज घेण्यासारखे आहे. बाजारातून दरमहा शेकडा २ ने घेतले, तर हेच व्याज सुमारे १६,१४० रुपये होते. सौदा जेमतेम तरतो. शेकडा ३ ने घेतल्यास व्याज २४,२०० रुपयांवर जाते आणि माल विकूनही खिशातले पैसे जातात.

आता हाच हिशेब कंत्राटदार आणखी ६० दिवस लांबेल असे धरून पुन्हा करावा. शेकडा २ च्या पैशावर ११२ दिवसांचे व्याज सुमारे ३४,७६० रुपये होते, म्हणजे हाती राहणाऱ्या नफ्यापेक्षा कितीतरी जास्त. बँकेच्या दराने मात्र ते सुमारे १७,३८० रुपये होते आणि सौदा तरीही वाचतो. उशीर झाला तरी व्याज नफ्यात बसत असेल, तरच ते कर्ज घ्यावे, असे माझे मत आहे.

कर्ज काढून फायदा होण्याची एक जागा मात्र दुर्लक्षिली जाते, ती म्हणजे रोखीची सूट, ज्याला बाजारात सीडी म्हणतात. समजा, ७ दिवसांत पैसे दिल्यास पुरवठादार मूळ किमतीवर २ टक्के, म्हणजे ८,००० रुपये सोडतो. ३० व्या दिवसाऐवजी ७ व्या दिवशी पैसे देण्यासाठी ४,६४,००० रुपये २३ दिवस जास्त वापरावे लागतात आणि १२ टक्क्यांनी त्याचे व्याज सुमारे ३,५०० रुपये होते. साडेचार हजार वाचतात. दरमहा शेकडा २ च्या पैशात मात्र व्याजच सात हजार होते, तेव्हा त्या पैशाने सीडीच्या मागे लागू नये.

पाचवी पायरी: कर्जाचा प्रकार निवडावा

अशा खड्ड्यासाठी कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट सर्वांत योग्य, कारण जितके पैसे जितके दिवस वापरले तितक्यावरच व्याज लागते आणि गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात पडताच ते थांबते. या मर्यादेसाठी गरज पडण्यापूर्वीच, हिशेब स्वच्छ असताना अर्ज करावा. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मर्यादेसाठी बँका नायक समितीची पद्धत वापरतात: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के बँक देते आणि ५ टक्के व्यापाऱ्याने स्वतःचे घालायचे असतात.

पण मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम या वेगळ्या गोष्टी आहेत. शिल्लक माल आणि येणी दाखवणाऱ्या दरमहाच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या वेळी उचलता येणारी रक्कम, ठरवते, आणि त्यात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी धरत नाही. येण्यांवर बँकेचे मार्जिन, म्हणजे उचल देताना वगळायचा हिस्सा, ४० टक्के असेल, तर आपल्या कंत्राटदाराचे ५,१९,२०० रुपयांचे बिल सुमारे ३,११,५०० रुपयांची उचल मिळवून देते. १० सप्टेंबरला त्या बिलाला ९० दिवस पूर्ण होतात आणि सप्टेंबरअखेरच्या स्टेटमेंटमध्ये ही उचल शून्यावर येते. ज्या गिऱ्हाइकाने उशीर केला, त्याच्यामुळेच पैशाची सर्वाधिक गरज असताना बँकेचा हात आखडतो. म्हणून मर्यादेच्या शेवटच्या रुपयापर्यंत कधीही जाऊ नये.

रोजच्या हप्त्याचे कर्ज स्वस्त वाटते, पण तसे नसते. हातात ९५,००० रुपये मिळाले आणि १०० दिवस रोज १,००० रुपये भरले, तर ‘फक्त पाच हजार व्याज’ असे सांगितले जाते. परंतु मुद्दल रोज घटत असल्याने व्यापाऱ्याने सरासरी निम्मीच रक्कम वापरलेली असते आणि वार्षिक दर सुमारे ३८ टक्के पडतो. शिवाय हप्ता पहिल्याच दिवसापासून सुरू होतो, तर कंत्राटदाराचे पैसे एकदम शेवटी येतात. खड्डा भरण्याऐवजी रोज थोडा खणला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसोबत सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक दर दाखवणारे माहितीपत्रक द्यावे लागते. सही करण्यापूर्वी ते मागून घ्यावे आणि चौथ्या पायरीतील हिशेब त्या दराने करावा.

सहावी पायरी: नकार कोठे द्यावा, हे आधी ठरवावे

गिऱ्हाइकाने मालाच्या दर्जाबद्दल किंवा वजनाबद्दल तक्रार लावून बिल रोखले असेल, तर त्या येण्याच्या भरवशावर कर्ज काढू नये. तो वाद मिटेपर्यंत त्या येण्याला तारीखच नसते. तसेच मागचे कर्ज फेडण्यासाठी नवे काढावे लागत असेल, किंवा सलग तीन महिने कॅश क्रेडिट खाते कधीच मर्यादेपासून खाली येत नसेल, तर प्रश्न उधारीच्या तारखांचा राहिलेला नाही. अशा वेळी न खपलेला माल कमी भावात काढणे आणि लांबणाऱ्या गिऱ्हाइकाची उधारी कमी करणे, हेच उपाय उरतात.

कर्ज घेतल्यावर त्याच्या नोंदीसमोर ते ज्या बिलातून फिटणार त्या बिलाचा क्रमांक आणि अपेक्षित तारीख लिहावी, आणि ते पैसे आले की त्याच दिवशी कर्ज खात्यात भरावेत. नव्या मालात फिरवू नयेत. अपेक्षित तारखेनंतर दहा दिवस उलटूनही पैसे आले नाहीत, तर त्या कंत्राटदाराला पुढचा माल रोखीनेच द्यावा, थकबाकीचे पत्र सही-शिक्क्यासह पाठवावे आणि पुरवठादाराला नवी तारीख स्वतःहून कळवावी.