ऑफिसचे ॲप रात्री थांबवताय? या चुका टाळा

माझा आतेभाऊ कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघतो. फोन त्याचा स्वतःचाच, पण कंपनीच्या आयटीवाल्यांनी त्यात वर्क प्रोफाइल टाकून दिलंय. परवा रंकाळ्यावर फिरताना खिशातून टिंग झालं आणि साहेब वैतागले. "दादा, सातलाच ऑफिस बंद केलंय मी. तरी वाजतंयच हे."

फोन हातात घेतला. त्याने ऑफिस खरंच बंद केलं होतं, आणि तरी वाजत होतं तेही खरं होतं.

आधी एवढं लक्षात घ्या. वर्क प्रोफाइल म्हणजे अँड्रॉइड फोनच्या आत केलेली वेगळी खोली. त्या खोलीतल्या प्रत्येक ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. `Work` टॅबवर जाऊन तळाचं `Pause work apps` दाबलं, किंवा वरून पडदा ओढून `Work apps` किंवा `Work profile` अशा नावाची टाइल बंद केली, की ती खोली कुलूपबंद होते. आतले ॲप नुसते गप्प बसत नाहीत, चालायचेच थांबतात. चिन्हं करडी पडतात, मेल सिंक होत नाही, नोटिफिकेशन येत नाही. खोलीबाहेरचं सगळं आपलं नेहमीसारखं सुरू राहतं. आईचा फोन येतो, सोसायटीचा ग्रुप वाजतो, बँकेचा एसएमएस येतो. टाइल दिसत नसेल तर पडद्यातल्या पेन्सिलच्या चिन्हावर जाऊन ती वर ओढून घ्या.

चूक पहिली: ऑफिसचं खातं खोलीबाहेरही ठेवणं

भावाची टिंग इथूनच येत होती. वर्क प्रोफाइल यायच्या आधी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, त्याने ऑफिसचा मेल आपल्या रोजच्या मेल ॲपमध्ये जोडला होता. पुढे प्रोफाइल आलं, त्यात तोच मेल पुन्हा आला आणि जुना तसाच राहिला. दिवसभर दोन्हीकडून नोटिफिकेशन यायची. एकाच मेलला फोन दोनदा का वाजतो, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. आतला मेल सातला थांबला, बाहेरचा चालू राहिला.

ओळखायचं कसं? प्रोफाइल थांबवल्यावर ऑफिसचं काही आलंच, तर ते झटकून टाकू नका. नोटिफिकेशन खाली ओढा आणि चिन्हावर ब्रीफकेस आहे का बघा. नसेल तर ते बाहेरच्या ॲपमधून आलंय आणि `Pause` कितीही वेळा दाबलं तरी थांबणार नाही. भावाच्या नोटिफिकेशनवर ब्रीफकेस नव्हती.

उपाय म्हणजे सेटिंगमधल्या खात्यांच्या यादीत जाणं. तिथे `Personal` आणि `Work` असे दोन भाग दिसतात. `Personal` मधलं ऑफिसचं खातं काढून टाकायचं. सर्व्हरवरचा मेल जात नाही, फक्त या ॲपमधून जातो. पण काढण्याआधी एक बघाच. घरचे काही नंबर चुकून त्या खात्यात सेव्ह झालेले असतील, तर तेही फोनमधून जातील. भावाचे अकरा नंबर निघाले, त्यात आमच्या आत्याचाही. ते आधी त्याच्या स्वतःच्या खात्यात हलवले, मग ऑफिसचं खातं काढलं.

याचाच दुसरा नमुना म्हणजे शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप. साहेब त्यात मेसेज टाकतात म्हणून तो काही ऑफिसच्या खोलीत जात नाही. तो तुमच्या रोजच्या व्हॉट्सॲपमध्ये आहे, त्यामुळे तो ग्रुप वेगळा म्यूट करावा लागतो: आठ तास, आठवडा किंवा कायमचा. साध्या सिमवर येणाऱ्या साहेबांच्या कॉललाही वर्क प्रोफाइल अडवत नाही. तो प्रश्न सेटिंगचा नाहीच, तो साहेबांशी बोलायचा आहे.

चूक दुसरी: चिडून भलतंच बटण दाबणं

टिंग थांबेना म्हणून भावाने त्याआधी आठवडाभर `Do Not Disturb` लावून बघितलं होतं. ते संपूर्ण फोनला लागू होतं. एका संध्याकाळी ट्यूशन सुटल्यावर मुलगा फोन करत राहिला आणि हा घरात निवांत चहा पीत होता. वहिनींनी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग त्याने ऑफिसच्या ॲपची नोटिफिकेशन एकेक करून बंद केली. ती सकाळी आपोआप सुरू होत नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्राहकाची तक्रार आलेली त्याला दुपारी कळली.

सगळ्यात वाईट म्हणजे `Remove work profile`. ते `Pause` सारखं वाटतं, पण त्याने खोलीच पाडली जाते. आतले ॲप आणि फोनवरचा डेटा जातो, आणि मग आयटीवाल्यांकडून सगळं पहिल्यापासून बसवून घ्यावं लागतं.

चूक तिसरी: रात्री लागणारी वस्तू आत विसरणं

पहिल्या चुकीची ही उलटी बाजू, आणि ही उशिरा लक्षात येते. ऑथेंटिकेटर ॲप खोलीत असेल आणि घरी लॅपटॉपवर लॉगिन करायचं असेल, तर कोडसाठी प्रोफाइल चालू करावंच लागतं. आतल्या घड्याळात लावलेला गजर वाजत नाही. सकाळी साडेआठच्या मीटिंगची आतल्या कॅलेंडरमधली आठवणही, तुम्ही नऊला प्रोफाइल चालू करणार असाल, तर वेळेवर येत नाही. गजर नेहमी बाहेरच्या घड्याळात लावा. प्रोफाइलमधल्या संपर्कांची नावंही थांबलेल्या वेळी कॉलवर दिसत नाहीत, नुसता नंबर दिसतो. म्हणून रात्री ज्यांचा फोन घ्यावाच लागतो, अशा दोघातिघांचे नंबर बाहेरही ठेवा, मात्र कंपनीचा नियम तसं करू देत असेल तरच.

प्रोफाइलला वेगळा पिन असेल तर सकाळी चालू करताना तो मागितला जातो. रोज फिंगरप्रिंटने काम भागवणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

वेळापत्रक कोल्हापूरचं लावा

काही फोनमध्ये `Digital Wellbeing` मध्ये प्रोफाइलचं वेळापत्रक लावता येतं, म्हणजे रोज दाबायची कटकट नको. पण भावाने लावलं सोमवार ते शुक्रवार, नऊ ते सात. आता आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी सोमवारी. म्हणजे सुट्टीच्या दिवशी ऑफिस चालू, आणि शनिवार-रविवारी, जेव्हा फाउंड्री धडधडत असते, तेव्हा बंद! दिवस बदलून मंगळवार ते रविवार केल्यावर हे सरळ झालं.

फोन कंपनीने दिलेला असेल तर आणखी एक मर्यादा आहे. अँड्रॉइड ११ पासून अशा फोनवर प्रोफाइल जास्तीत जास्त किती वेळ बंद राहू शकतं, हे कंपनी ठरवू शकते. ही मर्यादा ७२ तासांपेक्षा कमी ठेवता येत नाही. ती ओलांडली की तुमचे घरचे ॲपच अडवले जातात आणि प्रोफाइल चालू केल्याशिवाय सुटत नाहीत. दिवाळीत चार दिवस गावी गेलात आणि चौथ्या दिवशी फोटो उघडेनासे झाले, तर फोन दुकानात नेऊ नका. प्रोफाइल चालू करून बघा. स्वतःच्या फोनला ही मर्यादा लागत नाही.

त्या रात्री नऊला भावाने स्वतःलाच ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल पाठवला, मग मला व्हॉट्सॲप केला. फक्त व्हॉट्सॲपचं उत्तर वाजलं. सकाळी प्रोफाइल चालू केल्यावर मेल आला, ब्रीफकेससकट.