भांडणानंतरची रात्र

हळदीच्या पैशावरून थोरल्या भावाशी वाजलं. सांगलीत आमचं घर एकच, मधे फक्त भिंत. दादाचं खोकणंही ऐकू येत होतं. ‘असं सुनवायला हवं होतं’ हेच डोक्यात फिरत 1 वाजला. तळमळत पडून राहिलं की अंथरुणात जागं राहायचीच सवय लागते, म्हणून उठलो. स्वयंपाकघरात मंद दिव्याखाली वहीत दोनच ओळी लिहिल्या: त्याचं जिव्हारी लागलेलं वाक्य आणि सकाळी मी त्याला काय विचारणार ते. मोबाईल मुद्दाम घेतला नाही. मागच्या खेपेला त्याला मेसेज लिहिता-खोडता 3 वाजवले होते. मग 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर, दहाएक मिनिटं. विचार थांबले नाहीत, नुसते सैल पडले. जांभया आल्यावरच परत आडवा झालो. सकाळी ती दुसरी ओळ तेवढी विचारली. पहिली वहीतच राहिली.