शनिवारवाड्याच्या फोटोतली वायर

शनिवारवाड्याच्या बुरुजाच्या फोटोतून आडवी गेलेली वायर काढण्यासाठी मी ती संपूर्ण एकाच निवडीत घेतली आणि फोटोशॉपमध्ये Edit > Fill मधून Content-Aware लावले. आकाशातला भाग जवळजवळ निर्दोष भरला गेला. बुरुजावर मात्र, जिथे खालचे दगडी बांधकाम संपून विटा सुरू होतात, तिथली रेघ तुटली आणि एकच डाग पडलेली वीट शेजारीशेजारी दोनदा उमटली.

चारशे टक्क्यांवर पाहिले तर कोणतेही भरण सदोषच दिसते, म्हणून मी शंभर टक्क्यांवर आणि मग पूर्ण फोटो पडद्यावर मावेल इतका लहान करून पाहतो. आकाशातला किंचित धूसर पट्टा लहान आकारात दिसेनासा झाला, तो मी तसाच ठेवला असता. तुटलेली रेघ मात्र तेव्हाही खुपत होती.

Ctrl+Z करून आकाशातली वायर वेगळी भरली. बुरुजावर दगड, विटा आणि मधला सांधा अशा तीन छोट्या निवडी केल्या, आणि वायरची काळी किनार मागे उरू नये म्हणून प्रत्येक निवड दोन पिक्सेलने वाढवली. सांधा शेवटी घेतला, कारण तोवर त्याच्या दोन्ही बाजूंना नक्कल करण्याजोगे स्वच्छ बांधकाम तयार होते.